कॅरिंग कॉस्टला ‘वहन खर्च’ म्हणायचं का?

मीनल_परळ
एका बेअरिंगच्या व्यापाऱ्याची स्टोअरच्या पोरांसाठीची मराठी पुस्तिका तपासायला आलीये माझ्याकडे. दुकान नागदेवी स्ट्रीटला, गोदाम भिवंडीला. आधीच्या अनुवादकाने कॅरिंग कॉस्टला ‘वहन खर्च’ आणि रिऑर्डर पॉइंटला, म्हणजे किती माल उरला की परत मागवायचा त्या आकड्याला, ‘पुनर्आदेश बिंदू’ केलंय, इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटीला ‘मितव्ययी आदेश परिमाण’. मला ‘वहन’ खटकलं म्हणून फोन केला तर कळलं की स्टोअरकीपरने त्या ओळीत टेंपोचं भाडं भरून ठेवलंय! आणि त्याचं काय चुकलं म्हणा, वहन म्हटल्यावर माणूस टेंपोच बघणार ना. तुम्ही लोक काय म्हणता या तिन्हींना?

शुद्ध_दादर
वहन चूक नाही. वह् धातूचा अर्थ वाहणे, धारण करणे. भार वाहणे, जबाबदारी वाहणे हे आपण म्हणतोच की, तिथे कुठे टेंपो असतो? माल अंगावर वागवण्याचा खर्च तो वहन खर्च. पाठ्यपुस्तकात चालतो तर पुस्तिकेत का नको? प्रत्येक वेळी वाचणाऱ्याच्या पातळीला उतरायचं म्हटलं तर भाषा कधी वर चढणार?

नागदेवी_नाका
दादा भाषा चढू दे पण गोदामात माल चढला त्याचं काय. हिशोब करूनच दाखवतो. आमच्याकडे असाच एक नग आहे, वर्षाला ३६०० जातो, खरेदी २०० रुपयाला. एक ऑर्डर टाकली की ५०० रुपये जातात, त्यात ३५० ट्रान्सपोर्टच्या डेपोपासून गोदामापर्यंतचा टेंपो, माल १० खोके असो का २० तो ३५०च घेतो, बाकी १५० मोजणीला थांबणाऱ्या माणसाचा ओव्हरटाइम आणि कागदपत्रं. आणि एक नग वर्षभर पडून राहिला तर ४० रुपये खातो: बँकेचं व्याज १२ टक्क्यांनी २४, आणि विमा, गंज, जुनं मॉडेल होऊन पडून राहणं मिळून १६. आता मागणीची दुप्पट, तिला ऑर्डरच्या खर्चाने गुणा, ४० ने भागा, वर्गमूळ काढा. ३०० येतात, एका वेळी एवढे मागवले की खर्च सगळ्यात कमी. म्हणजे वर्षात १२ ऑर्डरी, त्यांचे ६०००, आणि गोदामात सरासरी १५० नग त्यांचे ६०००. दोन्ही बाजू बरोबर झाल्या की समजायचं जागेवर आलो.

आता ‘वहन’ वाचून टेंपो तिकडे टाकला की काय होतं बघा. ऑर्डरचा खर्च उरला १५०. वर्षाचं टेंपोभाडं ४२००, ३६०० नगांवर वाटलं तर नगाला एक रुपया सतरा पैसे. व्याज, विमा, गंज सगळ्या ४० रुपयांच्या जागी हे एकटंच बसलं. उत्तर येतं ९६० च्या आसपास. खरा खर्च लावला तर वर्षाला १२ हजाराच्या जागी २१ हजाराच्या वर जातात, आणि ते कुठेच दिसत नाहीत, कारण व्याजाचं बिल स्टोअरच्या नावावर येत नाही ना.

मीनल_परळ
बापरे. मी विचारायचं म्हणून विचारलं होतं, इतकं होत असेल असं वाटलं नव्हतं. त्यांच्या तक्त्यात खरंच नऊशेच्या पुढचा आकडा आहे, मला टायपो वाटला होता. मग ‘साठवणूक खर्च’ चालेल?

नागदेवी_नाका
तो उलटा घोळ करेल ताई. साठवणूक म्हटलं की माणूस गोदामाचं भाडं लिहितो आणि हात झटकतो, व्याज विसरतो. आणि खरं सांगायचं तर आमच्या गोदामाचं भाडं यात येतच नाही. ते चौरस फुटावर ठरलेलं आहे, माल निम्मा केला म्हणून मालक निम्मं घेणार आहे का? जो खर्च मालाबरोबर कमीजास्त होतो तोच धरायचा. दुसऱ्याच्या वखारीत खोक्यामागे महिन्याला पैसे देत असाल तर मग धरा. ऑर्डरच्या बाजूलाही तेच, खरेदीवाल्याचा पगार त्यात घालून लोक फुगवतात, पण दोन ऑर्डरी कमी टाकल्या म्हणून त्याचा पगार कापताय का. आम्ही बोलताना ‘माल बाळगायचा खर्च’ म्हणतो.

शुद्ध_दादर
बाळगणे हे बाळावरून आलेलं, बाळासारखं जपणे. भावनिक शब्द आहे, हिशोबाचा नाही.

खारदांडा
बाळावरून? मग शत्रुत्व बाळगणे म्हणजे काय, मांडीवर घेऊन थोपटणे? 😀 आणि पिस्तूल बाळगल्याबद्दल अटक रोज पेपरात असते. व्युत्पत्ती सोडा, शब्द मस्त आहे, बाळगला की सांभाळायला पैसे लागतात हे त्यात आलंच.

कॉमर्स_काका
तीस वर्षं कॉस्टिंग शिकवलं म्हणून बोलतो. पहिलं, ‘बिंदू’ नको, ‘पुनर्आदेश पातळी’ म्हणा. रिऑर्डर लेव्हल म्हणजे दिवसाचा जास्तीत जास्त खप गुणिले माल यायची जास्तीत जास्त मुदत, झालं. बिंदू हा इंजिनीअरिंगवाल्यांचा लाड. दुसरं, भाडं धरायचं नाही हे मला मान्य नाही, उद्या तीच जागा दुसऱ्या मालाला देता आली असती. तिसरं, ऑर्डर मोठी केली की पातळीही वर न्यावी लागते हे पुस्तिकेत लिहा, पोरं विसरतात.

नागदेवी_नाका
काका जागेचं तुमचं बरोबर आहे, पण गोदाम खरंच भरत असेल तर. आमचं अर्धं रिकामं असतं, तिथे दुसरा माल आहे कुठे. तिसऱ्याशी मात्र सहमत नाही, पातळीचा ऑर्डरच्या आकाराशी काय संबंध? किती मागवायचं हा एक प्रश्न, कधी मागवायचं हा दुसरा. आमचा खप दिवसाला १२, पार्टी ६ दिवसात माल देते, म्हणजे मधल्या काळात ७२ जातात. पण एखाद्या आठवड्यात दिवसाला १५ सुद्धा जातात आणि जुलैत पाणी तुंबलं, घाटात दरड आली की १० दिवस लागतात. १५ गुणिले १० म्हणजे १५०. ७२ रोजचे आणि ७८ भीतीचे. आता ऑर्डर ३०० ची टाका का ६०० ची, १५० ला आलं की टाकायची. उलट मोठ्या ऑर्डरीत वर्षातून कमी वेळा माल तळाला जातो, त्यामुळे भीतीचा साठा थोडा कमीच ठेवला तरी चालतो.

कॉमर्स_काका
१५० म्हणजे माझंच सूत्र झालं की!

नागदेवी_नाका
आकडा तुमचाच काका, म्हणून तर भांडत नाही. फक्त दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाईटात वाईट होणं क्वचित. महागड्या नगाला एवढी भीती परवडत नाही, तिथे आम्ही १५० वरून ११० वर आलोय आणि वर्षातून एखादं गिऱ्हाईक परत जातं ते सोसतो.

गिरगावची_वैशाली
मी घरून मोदकाचं पीठ विकते, मला हे हवंच होतं! रिऑर्डर म्हणजे गिऱ्हाईकाने परत ऑर्डर दिली ते ना? माझ्याकडे परत येणारे खूप आहेत. आणि तांदूळ एकदम घ्यावा का थोडा थोडा? वर्षाचा खप धरून सूत्रात टाकला तर दर दोन महिन्यांनी थोडा घे असं उत्तर येतंय, पण माझा सगळा खप भाद्रपदाच्या आधीच्या पंधरा दिवसांत आणि संकष्टीला थोडाथोडा.

नागदेवी_नाका
वैशालीताई, इथे रिऑर्डर म्हणजे तुम्ही व्यापाऱ्याला परत मागणी टाकता ते. आणि हे सूत्र तुमच्या गणपतीसाठी नाही. ते रोज सारखा माल जातो असं धरून चालतं. सणाला तुम्हाला एकदाच ठरवायचंय, किती घेतलं तर शेवटच्या दिवशी कमी पडणार नाही आणि उरलेल्या पिठाला जाळी लागणार नाही. तो वेगळा हिशोब आहे. संकष्टीच्या तांदळाला हवं तर लावा.

गिरगावची_वैशाली
जाळी चतुर्थीच्या चौथ्या दिवशी दिसते हो, अनुभव आहे 😑 मागच्या वर्षी उरलेलं शेजाऱ्यांना घावनाला वाटलं.

खारदांडा
एक शंका नागदेवीभाऊ. सूत्रात ३०० आलं पण पार्टी म्हणाली ४०० च्या खाली देत नाही, मग?

नागदेवी_नाका
घ्या ४००. ऑर्डरीचे ४५००, बाळगायचे ८०००, एकूण साडेबारा हजार. बाराच्या जागी साडेबारा, रडण्यासारखं काय आहे. २०० ने घेतलंत तर १३ हजार. तळाशी चुलीवरच्या तव्यासारखं सपाट आहे, थोडं इकडेतिकडे झालं तर कळतही नाही. म्हणून खर्चाचा आकडा पाचदहा टक्क्यांनी चुकला तर मी झोप मोडत नाही. पण त्या सगळ्या ४० रुपयांच्या जागी टेंपो लिहिला तर चूक पाचदहा टक्क्यांची राहत नाही. आणि ४०० ला दरात सूट देत असेल तर सूत्र बाजूला ठेवून तीही मोजा, नगाला एक रुपया सुटला तरी वर्षाचे ३६०० झाले.

शुद्ध_दादर
चर्चा शब्दाची होती. ‘आदेश’ कुणालाच खटकला नाही? आदेश सरकार काढतं, दुकानदार ‘मागणी’ नोंदवतो.

कॉमर्स_काका
मागणी म्हणजे डिमांड. एकाच सूत्रात वर्षाची मागणी आणि मागणीचा खर्च आले तर मुलं रडतील. परीक्षेला आदेशच लिहायचा.

खारदांडा
गंमत म्हणजे १९१३ साली फोर्ड हॅरिसने हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा ऑर्डरचा प्रश्नच नव्हता, एका खेपेला कारखान्यात किती नग बनवायचे असा होता, आणि तिथे खर्च होता मशीन लावायचा, सेटअपचा. खरेदीला ते नंतर लावलं. तेव्हा ‘खेप’ का नाही? किफायती खेप. पोरांना लगेच कळेल.

शुद्ध_दादर
किफायती अरबी-फारसी आहे.

खारदांडा
तुम्ही दिवसभर ज्या गोदामाचं कौतुक ऐकताय त्या शब्दाचा प्रवास बघा, मलायातून पोर्तुगीज, इंग्रजांच्या तोंडून इथे आलाय, मूळ तेलुगूत असावं म्हणतात. आता काढा त्याला पुस्तिकेतून, आणि वखारीत ठेवा माल.

नागदेवी_नाका
खेप म्हटलं की आमचा हमाल डोक्यावरची खेप समजतो, आणि मग मीनलताई परत टेंपोवर येतील 😂

मीनल_परळ
पुस्तिका शुक्रवारी छापायला जातेय. वहन काढलं, ‘माल बाळगण्याचा खर्च’ टाकलं आणि खाली कंसात व्याज, विमा, खराबी असं लिहिलंय, टेंपो ऑर्डरच्या ओळीत. बिंदू की पातळी ते अजून ठरलं नाही. मालक म्हणतात त्यांच्या रॅकला लाल पट्टी मारलेली आहे आणि सगळे तिला ‘लाल पट्टी’च म्हणतात.

कॉमर्स_काका
पट्टी म्हणजे पातळीच. बघा.

नागदेवी_नाका
पट्टी फक्त रॅकवरचा माल बघते काका. ज्या नगाला पार्टी ४० दिवस लावते त्याची मागवलेली खेप अजून वाटेत असते, तो माल धरला नाही तर पोरगा पट्टी दिसली म्हणून दुसरी ऑर्डर टाकतो, आणि महिन्याने दोन गाड्या एकदम उभ्या राहतात. ताई, ‘आलेला अधिक मागवलेला’ एवढं तरी त्या ओळीत घाला.

शुद्ध_दादर
‘आलेला अधिक मागवलेला’ हे व्याकरणात बसत नाही.

गिरगावची_वैशाली
तांदूळ एकदम घ्यायचा ना मग? वाण आंबेमोहोर घेऊ का बासमती कणी?