किराणा दुकानातली मांडणी : तुम्ही काय कुठे ठेवलंत आणि पुढे काय झालं?

मिरजेची सून : आमचं वीस बाय चाळीस फुटांचं किराणा दुकान आहे. २०१९मध्ये काउंटर काढून गिऱ्हाइकांनी स्वतः माल उचलायचा अशी सोय केली. तेल, साखर, तूरडाळ, आटा शेवटच्या भिंतीला लावलं. यादीत हे असतंच, आणि तिथवर जाताना बाकीचा माल नजरेस पडतो. पापड, लोणची, शेवया खरंच जास्त जाऊ लागल्या. पण दुधाचा फ्रीजही आत नेला, तिथे फसलो. सकाळी साडेसहाला पिशवी घ्यायला येणारा माणूस घाईत असतो. आतपर्यंत जाऊन परत यायचं त्याला नको होतं, तो समोरच्या टपरीवर जाऊ लागला. रोजच्या साठ पिशव्यांतल्या वीस उरायला लागल्यावर फ्रीज दाराशी आणला. आता दूध संपतं. तुमचे अनुभव लिहा.

रॅकवाला : चौदा वर्षं दुकानांची मांडणी करून देतोय. ही पद्धत जुनी आहे. १९१६मध्ये अमेरिकेत मेम्फिसला क्लॅरन्स सॉन्डर्सने पिगली विगली नावाचं किराणा दुकान काढलं. तोवर तिथेही नोकरच काउंटरमागून माल काढून देत. त्याने फाटक बसवून वाट एकच ठेवली. सगळ्या रांगा फिरूनच पैसे द्यायच्या जागी पोचता येई. आपल्या छोट्या दुकानात अशी सक्ती चालत नाही, लोक निघून जातात.
ताई, तुमच्या मांडणीत मला एक चूक दिसते. ओढून नेणाऱ्या सगळ्या वस्तू एकाच भिंतीला आहेत. गिऱ्हाईक एका रांगेने आत जातं आणि त्याच रांगेने परत येतं. तेल मागच्या डाव्या कोपऱ्यात आणि डाळी-साखर उजव्या बाजूला मध्यावर ठेवून बघा. कुठली रांग मेली आहे हे कळायला पाकिटांवरून बोट फिरवायचं. जिथे धूळ लागेल, तिथे कुणी जात नाही.

सदाशिव४२ : मोठ्या दुकानांत दूध मागे असतं ती निव्वळ फिरवायची युक्ती आहे.

रॅकवाला : अर्धं बरोबर. बऱ्याच मोठ्या दुकानांत त्या भिंतीमागे शीतखोली असते. माल मागून भरला की जुना पुढे सरकतो, आणि दूध गाडीतून थेट थंडीत जातं. फिरवणं हे एक कारण आहे, एकमेव नाही.

भगर_आणि_आमटी : आमचं पंढरपूरजवळ दुकान. साबुदाणा डाळींत, वरई तांदळाजवळ आणि राजगिऱ्याचं पीठ भलतीकडेच होतं. आषाढीच्या आठवडाभर आधी तिन्ही एका फळीवर आणले, बाजूला सैंधव आणि शेंगदाणे. साबुदाण्याची बिलं वेगळी काढून मोजली. आधी चाळीसपैकी नऊ बिलांत वरई होती, नंतर चाळीसपैकी सतरात. सणाची गर्दी मुळातच होती, त्यामुळे सगळं श्रेय फळीला देणार नाही.
पण शेंगदाणे हलवल्यावर पोह्यांसाठी येणारे विचारत बसले, म्हणून ते पोह्यांजवळही ठेवले. मग उपवासाच्या फळीवरची पाकिटं दोन महिने कुणी पाहिलीच नाहीत आणि खवट झाली. आता दुसऱ्या जागी पाचच पाकिटं ठेवते आणि दर सोमवारी मोजते.

निशिगंध : मीही डबे असेच लावते! चहा-साखर गॅसजवळ, कडधान्यं वरच्या फळीवर. पण वरचे डबे काढताना स्टूल लागतं, काय करू?

मिरजेची सून : निशिगंधताई, धागा दुकानाचा आहे, पण रोजची कडधान्यं खाली घ्या, स्टूल सुटेल.

कापूर : एकत्र काय ठेवायचं ते ठरवताना वासाचा विचार करा. मी पूजेचं सामान म्हणून अगरबत्ती आणि कापूर गूळ-खोबऱ्याशेजारी लावले, त्याच रॅकवर खाली सुटा चहा. तीन आठवड्यांनी एका आजींनी चहा परत आणला, 'देवघराचा वास येतो' म्हणाल्या. बरोबरच होतं त्यांचं. आता साबण आणि अगरबत्ती खाण्याच्या मालापासून अख्खी रांग सोडून आहेत.

एडिसनकर : न्यू जर्सीत मी जातो त्या देशी दुकानात वीस पौंडांच्या आट्याच्या गोण्या दारातच रचलेल्या असतात. जड माल घेऊन फिरायला नको म्हणून असेल.

गिऱ्हाईक : तेच लिहायला आले होते. माझ्या आईचे गुडघे दुखतात. तेलाचा पाच लिटरचा कॅन मागच्या भिंतीपासून आणायचा म्हणजे ती आधी तेल घेते आणि हात भरले म्हणून तशीच परत येते. बाकी काही बघतच नाही.

मिरजेची सून : हे मला सुचलंच नव्हतं. एक लिटरच्या पिशव्या मागे आणि पाच लिटरचे कॅन गल्ल्याशेजारी, असं करून बघते. आणि गूळ कुठे ठेवता? सासरे म्हणतात साखरेपाशी, मला वाटतं तूरडाळ, चिंच, गोडा मसाला यांच्याबरोबर.

भगर_आणि_आमटी : आमच्याकडे डाळीपाशी.

रॅकवाला : मी साखरेपाशी ठेवायला सांगतो. लोक तिथेच शोधतात.