मेप, बायस की तिसरंच काही? अधूनमधून खपणाऱ्या स्पेअर्सचा फोरकास्ट कशावर मोजायचा

रबाळे_स्टोअर्स
रबाळे एमआयडीसीत पंपाच्या स्पेअर्सचं प्लॅनिंग बघतो. निम्म्याहून जास्त आयटम असे आहेत की महिनोन्महिने काही नाही आणि मग एकदम चार-पाच नग जातात. वरून ऑर्डर आहे की सगळ्या आयटमचा मेप, म्हणजे दर महिन्याची चूक भागिले त्याच महिन्याची मागणी याची सरासरी, ३० टक्क्यांच्या खाली आणा. एका सील किटची गेल्या १२ महिन्यांची, जानेवारी ते डिसेंबर, मागणी खाली देतोय, याला मेप लावायचा, बायस लावायचा की अजून काही?

```
० ० ३ ० ० ० ५ ० ० ४ ० ०
```

वागळे_इस्टेट
अहो साधा मेप इथे चालणारच नाही, शून्याने भागायला लागतं. डब्ल्यूमेप घ्या, म्हणजे वर्षभराच्या सगळ्या चुकांची बेरीज भागिले वर्षभराची एकूण मागणी. शून्याचा प्रश्नच संपला. आम्ही सगळ्या आयटमला हेच लावतो, तीन वर्षं झाली, कुणाची तक्रार नाही.

ऐरोलीवाली
वागळे दादा, भागाकाराचा प्रश्न सुटला हे बरोबर, पण खरा प्रश्न तिथे नाहीये. याच किटवर करून बघा ना. वर्षाला १२ नग गेले, म्हणजे महिन्याला सरासरी १. समजा दर महिन्याला १ असा फोरकास्ट दिला, तर नऊ शून्य महिन्यांत प्रत्येकी १ ची चूक म्हणजे ९, आणि उरलेल्या तीन महिन्यांत २, ४ आणि ३ म्हणजे अजून ९. एकूण १८, भागिले १२, डब्ल्यूमेप १५० टक्के. आता वर्षभर सरळ ० फोरकास्ट द्या, चूक फक्त १२, डब्ल्यूमेप १०० टक्के. म्हणजे तुमचं माप सांगतंय की ज्याने काहीच मागवलं नाही तो प्लॅनर चांगला. निम्म्याहून जास्त महिने शून्य असतील तर आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधली किंमत शून्यच येते आणि चिन्ह न बघता केलेली चुकांची बेरीज नेहमी मधल्या किमतीकडेच ओढते, मग ते एमएई म्हणा नाहीतर डब्ल्यूमेप.

आणि रबाळे, तुमच्या शीटमध्ये बहुतेक हे असणार:

```
=IFERROR(ABS(B2-C2)/B2,"")
```

यात शून्य महिन्यांचा सेल रिकामा दिसतो आणि AVERAGE तो मोजतच नाही, मग उरतात फक्त मागणीचे तीन महिने. तिथे १ चा फोरकास्ट दिला तर मेप ७४ टक्के येतो, आणि दर महिन्याला ४ दिला तर १८ टक्के! तुमचं टार्गेट एकदम पास, पण ४ गुणिले १२ म्हणजे वर्षाला ४८ नग फोरकास्ट केले आणि गेले १२. बाकीचे ३६ रॅकवर. एकाच आयटमला एक माप म्हणतं काहीच ठेवू नका, दुसरं म्हणतं चौपट ठेवा, दोघंही सरासरीच्या जवळ येत नाहीत, म्हणून मला हा विषय फार लागतो.

चुकांचा वर्ग केला की चित्र बदलतं. ० फोरकास्टला वर्गांची बेरीज ५०, १ ला ३८, इथे सरासरी जिंकते. २०२० च्या एम५ या फोरकास्टिंगच्या स्पर्धेत वॉलमार्टच्या विक्रीचा डेटा होता, त्यातही शून्यं खूप, तिथेही याच कारणाने वर्गावर आधारलेलं माप घेतलं होतं.

मेडिकल_नौपाडा
मी प्लॅनिंगवाला नाही, नौपाड्यात मेडिकल आहे, पण एक सांगावंसं वाटतं. आमच्याकडे एक इंजेक्शन आहे, बिलिंगच्या रिपोर्टमध्ये सहा-सात महिने शून्य दिसतं, आणि मला चांगलं आठवतंय की त्यातल्या दोन महिन्यांत माणसं विचारून गेली, आमच्याकडे माल नव्हता म्हणून बिल झालं नाही. तुमच्या त्या ओळीतली शून्यं नक्की मागणीचीच आहेत का विक्रीची? डॉक्टरांच्या भागात राहतो, अशी शून्यं फार महाग पडतात.

वागळे_इस्टेट
ताई, आकडे मान्य, शून्य फोरकास्टवालं मी कधी करून बघितलं नव्हतं. पण वर्गावरचं आरएमएसई घेऊन मी डायरेक्टरसमोर कसा जाऊ? त्यांना टक्के कळतात. आणि एखाद्या महिन्यात चुकून २० नगांची ऑर्डर आली की वर्गामुळे तो एकच महिना सगळा आकडा खाऊन टाकतो. त्यापेक्षा फक्त बायस बघा, जास्त गेलं की कमी गेलं हे तरी सरळ कळतं.

ऐरोलीवाली
२० च्या ऑर्डरचा मुद्दा खरा आहे, त्यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही, आम्ही अशा ऑर्डर हाताने बघतो, प्रोजेक्टची असेल तर बाजूला काढतो.

पण एकटा बायस नको. जानेवारीत १२ आणि नंतर अकरा महिने ० असा फोरकास्ट दिला तरी वर्षाचा बायस शून्यच येतो, चुका एकमेकींना पुसून टाकतात. शिवाय एका किटचा एका वर्षाचा बायस म्हणजे तीन ऑर्डरींवरचं मत, डिसेंबरमध्ये अजून ५ नग गेले असते तर तोच फोरकास्ट ५ ने कमी ठरला असता. बायस बघायचा तर असे शे-दोनशे आयटम एकत्र करून रुपयांत बघा, तिथे तो खरंच बोलतो. अशा अधूनमधूनच्या मागणीसाठीची क्रॉस्टनची १९७२ ची पद्धत वापरत असाल तर जास्तच, कारण ती थोडी वरच्या बाजूला झुकते, त्यावर सिन्टेटोस आणि बॉयलन यांनी २००५ मध्ये दुरुस्ती दिली, ती आहे का नाही हे सॉफ्टवेअरवाल्याला विचारा.

घोडबंदरकर
मला हे सगळंच उलटं वाटतं. स्टोअरमध्ये वीस वर्षं काढली. गिऱ्हाईकाला तुमचा फोरकास्ट दिसत नाही, त्याला किट मिळालं की नाही एवढंच दिसतं. स्लो आयटमला फोरकास्टची चूक मोजूच नका, फिल रेट आणि रॅकवर अडकलेले पैसे हे दोनच आकडे ठेवा.

ऐरोलीवाली
काका, शेवटचा हिशोब तोच, हे मी मानते. पण वर्षाला तीन ऑर्डरी, एक चुकली की फिल रेट सरळ ६७ टक्के, त्यावरून काय शिकणार? आणि माल नव्हता तो फोरकास्टमुळे की सप्लायरने उशीर केला म्हणून, हेही त्यात दिसत नाही.

रबाळे, या किटचा लीड टाइम किती?

रबाळे_स्टोअर्स
बाहेरून येतं, न्हावाशेवाला उतरून आमच्याकडे पोचेपर्यंत तीन महिने धरतो.

ऐरोलीवाली
मग महिन्याचा फोरकास्ट मोजताय कशाला? ऑर्डर तर तुम्ही तीन महिन्यांच्या मागणीवर टाकता. तीन-तीन महिने एकत्र करा: ३, ०, ५, ४. आता ३ चा फोरकास्ट दिला तर चुका ०, ३, २, १, बेरीज ६, आणि शून्य फोरकास्टला १२. शून्य हरलं, आणि तेही साध्या बेरजेत, वर्ग न करता. वागळे दादांना टक्के हवेत तर तेही मिळाले, ५० टक्के. अर्थात वर्षातून एकदाच जाणाऱ्या आयटमला हे चालणार नाही, तिथे तीन महिन्यांचे गठ्ठेही शून्यच राहतात, तिथे मी काकांच्या बाजूने आहे.

घोडबंदरकर
आणि तीन महिन्यांत ५ लागले तेव्हा तुमचे ३ पुरले का? दोन गिऱ्हाईकं परत गेली. फोरकास्ट बरोबर म्हणून स्टॉक बरोबर होत नाही.

ऐरोलीवाली
नाही पुरले, म्हणून वर सेफ्टी स्टॉक लागतो, पण तो किती हे ठरवायलाच या चुका किती मोठ्या आहेत ते माहीत असावं लागतं काका.

रबाळे_स्टोअर्स
शीट उघडली, IFERROR निघालं. आणि मेडिकलवाल्या दादांचं बघून स्टॉक रजिस्टर काढलं, एप्रिल-मेच्या दोन शून्यांपैकी मे मध्ये किट शिल्लकच नव्हतं. त्या महिन्यात कुणी मागितलं का हे आता सर्व्हिसच्या पोरांना विचारावं लागेल, तोपर्यंत ती दुसरी तिमाही ० धरू की रिकामी ठेवू?

मेडिकल_नौपाडा
रिकामी ठेवा. मी तरी आता न मिळालेल्या मालाची वही वेगळी ठेवतो.

घोडबंदरकर
एका महिन्यासाठी अख्खी तिमाही कशाला टाकता, एप्रिल आणि जून धरा की.