'सिनबायोटिक' म्हणजे नुसती बेरीज का?

मृणाल: सराव प्रश्नसंचात हा प्रश्न आहे. योगर्टमध्ये प्रति ग्रॅम १० कोटी जिवंत बल्गॅरिकस आणि थर्मोफिलस जिवाणू आहेत, १२५ ग्रॅमच्या कपात ४ ग्रॅम चिकोरी इन्युलिन हा तंतुमय पदार्थ आहे. युरोपीय संघात कोणता आरोग्यदावा चालेल? मी लिहिलं, 'सिनबायोटिक, पोट साफ ठेवते'. छापील उत्तर आहे 'लॅक्टोजचं पचन सुधारते'. प्रोबायोटिक म्हणून जिवंत जिवाणू आणि प्रीबायोटिक म्हणून इन्युलिन, दोन्ही आहेत, मग माझं काय चुकलं?

सुहास: 'प्री' म्हणजे आधी. प्रीबायोटिक आधी खायचं, प्रोबायोटिक नंतर. एकत्र दिलं की सिनबायोटिक.

वसुधाताई: एकत्र देण्याचं बरोबर आहे, सुहास, पण 'प्री'चा घड्याळाशी संबंध नाही. प्रीबायोटिक हे जिवाणूंचं निवडक खाद्य. म्हणूनच मला 'पूर्वजैविक' हा प्रतिशब्द पटत नाही, तो नेमकी हीच चूक शिकवतो.

मृणाल, तू व्याख्या आणि दावा एक धरलेस. वस्तूला सिनबायोटिक म्हणावं का, हे शास्त्र ठरवतं आणि तेही नुसती बेरीज मान्य करत नाही. २०२० च्या व्याख्येनुसार एक तर दोन्ही घटक आपापल्या निकषांवर स्वतंत्रपणे उतरले पाहिजेत, नाहीतर त्या जिवाणूनं तेच खाद्य वापरल्याचा आणि जोडीनं फायदा झाल्याचा पुरावा हवा. लेबलवरचा दावा मात्र मंजूर यादीतून येतो. चिकोरी इन्युलिनचा शौचाची वारंवारता वाढण्याचा दावा यादीत आहे, पण त्याला दिवसाला १२ ग्रॅम लागतात. एका कपात ४ आहेत. लॅक्टोजच्या दाव्यासाठी जिवाणूंची अट प्रति ग्रॅम १० कोटींची, ती इथे भागते.

नंदू: मला दूध पचत नाही. हे वाचून योगर्ट खाल्लं आणि वर ग्लासभर दूध प्यायलो. व्हायचं तेच झालं.

वसुधाताई: नंदू, दाव्याची शब्दरचना बघा: 'त्या उत्पादनातल्या' लॅक्टोजचं पचन. जिवाणू स्वतःबरोबर लॅक्टोज फोडणारं विकर आणतात, ते योगर्टमधल्या लॅक्टोजला उपयोगी पडतं. वरच्या ग्लासाची हमी त्यात नाही. आणि दाव्यात 'प्रोबायोटिक' शब्द कुठेच नाही, 'जिवंत कल्चर' आहे. युरोपीय आयोगाच्या मार्गदर्शनात 'प्रोबायोटिक' हाच मुळी एक आरोग्यदावा धरला आहे.

मृणाल: मग तीन कप खाल्ले तर १२ ग्रॅम होतात ना? तसं लेबलवर लिहिलं तर?

वसुधाताई: नियमात 'दिवसाचं सेवन' आहे, त्यामुळे तुझा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण प्रश्नात तीन कपांची सूचना दिलेली नाही. परीक्षेत दिलेल्या कपापुरतंच उत्तर लिही.

सुहास: इटलीत तर 'प्रोबायोटिक' शब्द लेबलवर चालतो म्हणतात.

वसुधाताई: चालतो, तिथल्या राष्ट्रीय नियमांमुळे. म्हणूनच प्रश्नात 'युरोपीय संघ' म्हटल्यावर अशा देशाचं काय करायचं, यावर आमच्या गटात अजून दोन मतं आहेत.