मुलाखतीच्या दिवशी वाटेत अडकलात? कुणाला, कधी, काय कळवता?

लोलक
आज गाडी बराच वेळ एकाच जागी उभी होती. शेजारचा मुलगा फाइल मांडीवर घेऊन एकच मेसेज लिहीत होता, खोडत होता. भरती विभागात असताना असे मेसेज रोज यायचे, ते आठवलं. म्हणून हा धागा. तुमचे ठोकताळे लिहा, माझ्यापासून सुरुवात करते.

बहुतेकांचा हिशेबच चुकतो. समजा मुलाखत ११ ची आहे आणि गाडी १०:२५ ला थांबली. २० मिनिटांचा प्रवास उरलाय. उमेदवार म्हणतो, आत्ता सुटली तर १०:४५, मग १५ मिनिटं हातात आहेत की! पण स्टेशनपासून चालत १० मिनिटं. पुढे गेटवर नोंद, ओळखपत्र, पास, लिफ्टची रांग यात १५ मिनिटं सहज जातात. म्हणजे गाडी त्या क्षणी सुटली तरी ११:१०. उशीर १०:२५ लाच झालेला असतो, आणि फोन मात्र १०:५५ ला येतो. तोवर पॅनेल खोलीत बसलेलं असतं, काही हलवता येत नाही. अर्धा तास आधी कळलं तर दुसऱ्या उमेदवाराला पुढे घेता येतं.

पाटीपेन्सिल
मी तर सरळ लाइव्ह लोकेशन पाठवायला सांगते सगळ्यांना. खोटं बोलत नाही हे आपोआप सिद्ध!

झुळूक०७
आमच्याकडे उलट झालंय. मुलाखत घेणारेच तासभर आले नाहीत, रिसेप्शनवर नुसतं बसवून ठेवलं. त्यांनी कळवायचं नसतं का? त्यावर कुणी बोलत नाही.

हरकाम्या
झुळूक, खरंय. पण तो वेगळा धागा होईल 😄

लोलक
@पाटीपेन्सिल, कल्पना अर्धी बरोबर आहे. मार्ग खरा आहे हे दिसतं, पण समोरच्याला हवी असते एक वेळ. नकाशावरचा हलणारा ठिपका बघत कोण बसणार? शिवाय समन्वयकाचा नंबर पुष्कळदा लँडलाइन असतो किंवा ऑफिसचा सामायिक फोन.

वेळ सांगताना वर थोडी भर घालायची. वरच्या उदाहरणात ११:१० येतात, गाडी किती थांबेल माहीत नाही, म्हणून २० मिनिटं जोडून ११:३० सांगायचं. ११:२० ला पोहोचलात तर दिलेल्या वेळेच्या आधी आलात. "५ मिनिटांत येतो" असं तीनदा सांगणारा माणूस एकदाच अर्धा तास मागणाऱ्यापेक्षा जास्त खटकतो, कारण पॅनेल दर वेळी नव्याने थांबतं. दुसरा निरोप दिलेली वेळ मोडणार असेल तरच.

गणूकाका
ईमेल करावा आणि मोकळं व्हावं. लेखी पुरावा राहतो. फोन करून कुणाच्या कामात व्यत्यय आणू नये.

सुतारपक्षी
गणूकाका, लेखी ठेवा, पण आधी फोन. मुलाखतीच्या दिवशी समन्वयक टेबलापाशी नसतो, उमेदवारांना खोल्यांपर्यंत सोडत फिरत असतो. मेल तो दुपारी वाचणार. आमचा क्रम असा: समन्वयकाला फोन. उचलला नाही तर लगेच मेसेज आणि रिसेप्शनला फोन. मग मुलाखतीचं जे निमंत्रण मेलवर आलंय त्यालाच 'सर्वांना उत्तर'. त्यात मुलाखत घेणाऱ्यांचे पत्ते असतील तर त्यांनाही थेट कळतं. नवा मेल लिहिला की तो गर्दीत हरवतो.

एजन्सीमार्फत गेला असाल तर त्यांनाही कळवा, पण फक्त त्यांना नको. निरोप पुढे पोहोचेलच असं नाही.

आणि बोगद्यात वगैरे इंटरनेट बंद असेल तर साधा एसएमएस करून बघा. डेटा नसतानाही जरासा सिग्नल मिळाला की तो जातो. पण त्यासाठी नंबर फोनमध्ये हवा. तो मेलमध्ये असतो, आणि मेल उघडायला इंटरनेट लागतं! नंबर, पत्ता, मजला आदल्या रात्रीच सेव्ह करा.

मीठभाकर
एक नमुना मेसेज द्या ना कुणी. कुकर लावलाय, नंतर वाचते. मुलीला पाठवायचाय, पुढच्या आठवड्यात आहे तिची.

सुतारपक्षी
घ्या मीठभाकर ताई:

"नमस्कार, मी (पूर्ण नाव). आज ११ वाजता (पदाचं नाव) या पदासाठी माझी मुलाखत आहे. गाडी वाटेत थांबली आहे, मी ११:३० पर्यंत हजर असेन. ही वेळ पॅनेलला चालेल का? नसेल तर आज उशिराची वेळ किंवा व्हिडिओ कॉल, जे सोयीचं असेल ते सांगा. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

नाव आणि पद हवंच, एका दिवसात त्यांच्याकडे बरेच उमेदवार असतात. "सर, लेट होतंय" एवढ्याच मेसेजवरून कोण ते कळत नाही.

हरकाम्या
व्हिडिओ कॉल म्हटलंत तर काही जण गाडीतूनच चालू करतील हो. मागे वडेवाला ओरडतोय 😂

सुतारपक्षी
😂 गाडीतून नकोच. आवाज तुटतो आणि दोन्ही बाजू वैतागतात. उतरून शांत जागा मिळाल्यावरच व्हिडिओचं बोला.

रानजाई
उशीर किती झाला तर दुसरी तारीखच मागावी?

लोलक
माझं मत: अर्ध्याहून जास्त वेळ जाणार असेल तर. ४५ मिनिटांची मुलाखत असेल आणि तुम्ही ३० मिनिटं उशिरा आलात, तर उरतात १५. प्रश्न बहुधा सगळ्या उमेदवारांना सारखे असतात आणि प्रत्येकाचे गुण भरायचे असतात. १५ मिनिटांत अर्धे रकाने रिकामे राहतात, तुलनेत तुम्ही मागे पडता. पॅनेल मागे सरकू शकत नसेल तर वेळ बदलून घेतलेली बरी.

सुतारपक्षी
मला हे पूर्ण पटत नाही. बाहेरगावचं पॅनेल एकाच दिवसासाठी आलेलं असेल तर दुसरी तारीख नसतेच. अशा वेळी १५ मिनिटंही घ्यावीत. निर्णय त्यांच्यावर सोडा, फक्त दोन्ही पर्याय समोर ठेवा.

पाटीपेन्सिल
आणि आत गेल्यावर? कारण किती सांगायचं? मला वाटतं सविस्तर सांगावं, नाहीतर निष्काळजी वाटतं.

लोलक
दोन वाक्यं. "थांबल्याबद्दल आभार. उशिराबद्दल क्षमस्व, गाडी अडकली होती." आणि खुर्चीवर बसा. पुढची कथा तुमच्याच वेळातून जाते, आणि दर उत्तराआधी माफी मागितली की त्यांचंही लक्ष घड्याळाकडे जातं. त्यांनी विचारलं तर खरं तेच सांगा. रस्ता बंद होता की नाही हे ते फोनवर बघू शकतात.

धावत आला असाल तर पाणी पिऊन, श्वास बसल्यावर मगच आत जा. त्या दोन मिनिटांनी काही बिघडत नाही, धापा टाकत दिलेलं पहिलं उत्तर मात्र वाया जातं.

रानजाई
मग नंतरच्या आभाराच्या मेलमध्ये पुन्हा माफी?

गणूकाका
मागावीच. शिष्टाचार आहे.

लोलक
मी म्हणेन, "वेळ सरकवून घेतल्याबद्दल आभार" एवढं पुरे, आणि मेलचा भर वेळेअभावी अर्धवट राहिलेल्या उत्तरावर द्या. ते उत्तर तीन-चार ओळींत पूर्ण करून पाठवता येतं. गणूकाकांचं वेगळं मत असू शकतं.

झुळूक०७
पण तासभर थांबवलं त्याचं काय ते राहिलंच.

सुतारपक्षी
झुळूक, अर्ध्या तासाने रिसेप्शनवर जाऊन "माझी वेळ ११ ची होती, पुढे किती वाजेपर्यंत थांबणं अपेक्षित आहे?" एवढंच विचारायचं. पुढे कुठे जायचं असेल तर तेही तेव्हाच सांगून टाका.

मीठभाकर
मेसेज मुलीला पाठवला. ती म्हणते लॅपटॉप न्यायचाय, गेटवर त्याची वेगळी नोंद करतात का?

हरकाम्या
बऱ्याच ठिकाणी करतात ताई, सिरियल नंबरसकट. तो खालच्या बाजूला बारीक अक्षरात असतो, घरीच फोटो काढून ठेवायला सांगा.