मदत हवी आहे: वरचा व्यास ७ सेमी, खोली १२ सेमी असा कागदी कोन करायचाय, कागद कोणत्या मापाने कापू?

चाळकरी_लालबाग
नमस्कार मंडळी, आमच्या सोसायटीच्या आनंदमेळ्यात सुक्या भेळेचा स्टॉल लावतोय, भेळ कागदी कोनात द्यायची असं ठरलंय. सुताराकडून लाकडी स्टँड करून घेतलाय, त्याची भोकं ५ सेमीची आहेत आणि भोकाखाली ९ सेमी मोकळी जागा आहे. कोन वरून ७ सेमी रुंद आणि सरळ आत १२ सेमी खोल हवा. मुलांनी १२ सेमी त्रिज्येचं अर्धवर्तुळ कापून कडेला कड चिकटवली तर तोंड भलतंच मोठं झालं, १२ सेमीच्या आसपास, भोकात जेमतेम टोक जातं. वर्तुळाचा तुकडा कापायचा एवढं कळतंय, पण त्रिज्या किती आणि अंशाचा कोन किती ते कसं काढतात? कागद २०० जीएसएमचा पांढरा कोरा आहे, ए४ साइज. रद्दी पेपर वापरणार नाही, शाई खाण्याला लागते.

पार्लेकर
सोप्पं आहे हो. खोली १२ ना, मग त्रिज्या १२ घ्या. तोंडाचा घेर ७ गुणिले ३.१४ म्हणजे २२ सेमी. कंपासने १२ सेमीचा कंस मारा, त्या कंसावर २२ सेमी दोऱ्याने मोजा, दोन्ही टोकं मध्यबिंदूला जोडा आणि कापा. झालं.

बेकरीण
मी केकवरच्या आयसिंगसाठी बटर पेपरचे कोन रोज करते. वर्तुळ वगैरे लागत नाही ओ, चौकोनी कागद तिरका कापून त्रिकोण करायचा आणि गुंडाळायचा, दोन मिनिटांचं काम.

गणितवाला_गिरगाव
पार्लेकर, २२ सेमीचं बरोबर आहे, तोंडाचा घेर म्हणजेच कापलेल्या कंसाची लांबी, अख्खा हिशोब त्यावरच उभा आहे. पण त्रिज्या खोलीएवढी नसते. कागदाची कड कोनाच्या तिरक्या बाजूने जाते, टोकापासून काठापर्यंत, आणि ती तिरकी लांबी सरळ खोलीपेक्षा नेहमी जास्त असते. कोन उभा मधोमध कापलाय असं डोळ्यासमोर आणा: एक बाजू १२, दुसरी तोंडाच्या व्यासाची निम्मी म्हणजे ३.५, मधे काटकोन. १४४ अधिक १२.२५ म्हणजे १५६.२५, त्याचं वर्गमूळ १२.५. ही तुमची त्रिज्या.

आता अंश. १२.५ त्रिज्येच्या पूर्ण वर्तुळाचा घेर ७८.५ सेमी, तुम्हाला त्यातला २२ सेमी हवा. हे प्रमाण थेट ३.५ भागिले १२.५ असंच निघतं, म्हणजे ०.२८, आणि ३६० च्या ०.२८ पट १००.८ अंश. दुसऱ्या मापाचे कोन करायचे असतील तर हे घ्या, r म्हणजे तोंडाच्या व्यासाची निम्मी, h खोली, L कागदावर मारायची त्रिज्या, आणि शेवटचं उत्तर अंशात:

```
L = sqrt(r*r + h*h)
कोन = 360 * r / L
```

पार्लेकरांच्या मापाने कोन ११.५ सेमी खोल होईल. तुमच्या लांबट कोनात अर्ध्या सेमीने फारसं बिघडत नाही, पण कोणी ८ सेमी रुंद आणि ५ सेमी खोल असा पसरट कोन करायला घेतला आणि त्रिज्या ५ धरली तर खोली फक्त ३ सेमी मिळेल.

चाळकरी_लालबाग
दादा एकदम क्लिअर झालं. पण चिकटवायला पट्टी लागेल ना, ती १००.८ मधे धरायची की वेगळी? आणि कंपासपेटीतला कंपास १२.५ पर्यंत उघडतच नाही.

गणितवाला_गिरगाव
पट्टी वेगळी, बाहेरून. १००.८ मधूनच चिकटवलंत तर तोंड लहान होतं. काठाशी २ सेमी पट्टी ठेवा, टोकाकडे निमुळती होत शून्यावर येऊ दे, म्हणजे सगळा तुकडा धरून ११० अंश. जिथे १००.८ संपतात तिथे पेन्सिलची रेघ मारून ठेवा आणि चिकटवताना दुसरी कड बरोबर त्या रेघेवर आणा.

कंपासऐवजी जाड पुठ्ठ्याची पट्टी घ्या, तिला १२.५ सेमी अंतरावर दोन भोकं पाडा, एकात टाचणी आणि दुसऱ्यात पेन्सिलचं टोक. दोरा घेऊ नका, तो ताणतो आणि कंस वाकडा येतो. कोनमापकही नको: कंसाच्या एका टोकावरून सरळ पट्टी ठेवून १९.३ सेमीवर कंसावर खूण केली की तेच १००.८ अंश, आणि २०.५ सेमीवर खूण केली की पट्टीसकट ११०. एक पुठ्ठ्याचा साचा करा आणि बाकी सगळे त्यावरून आखा.

बेकरीणताई, तुमच्या कोनात वरची कड दुमडून टाकता म्हणून त्रिकोण चालतो. इथे काठ उघडा राहणार, त्रिकोणाने तो एकीकडे उंच आणि एकीकडे खाली येईल.

बेकरीण
हो ते खरंय, माझा वरचा काठ कोणाला दिसतच नाही.

माहीमची_मनू
मला पण असंच काहीतरी हवंय, चहाचा पेपर कप, खाली बूड सपाट असतं ना, तो घरी कसा करायचा?

गणितवाला_गिरगाव
मनू, त्याला टोक नसतं, दोन कंसांमधला वाकडा पट्टा कापावा लागतो आणि बूड वेगळं. वेगळा प्रश्न टाक, इथे दोन्ही मिसळेल.

चौपाटीप्रेमी
चौपाटीवरचे भेळवाले गोंद लावत बसत नाहीत बरं का. कागद जवळजवळ दोनदा गुंडाळतात आणि टोक दुमडतात. चाळकरीभाऊ, तुमचं ते अर्धवर्तुळच घट्ट गुंडाळलं तर?

गणितवाला_गिरगाव
चालतं की. १२.५ त्रिज्येचं अर्धवर्तुळ पावणेदोन फेरे गुंडाळलं तर तोंड ७ सेमीच होतं, खोलीही १२ च, आणि कोन कडकही होतो. फक्त सुटायला नको म्हणून दर वेळी तोंड मोजत बसावं लागतं, आणि २०० जीएसएम कागद इतका वळवताना टोकाशी मोडतो. त्यासाठी पातळ कागद घ्या.

जाड कागदात टोकाशी बारीक भोक राहतंच, त्यातून शेव गळते. टोकाचे ५-६ मिमी आतल्या बाजूला दाबून दुमडा, खोली तेवढीच कमी होईल. तयार कोन टेबलावर पालथा ठेवून बघा, काठ सगळीकडे टेकला तर कापणी बरोबर. एका बाजूला फट दिसली तर टाचणी हलली किंवा कड रेघेवर नीट आलेली नाही.

चाळकरी_लालबाग
एक करून बघितला, पालथा ठेवला तर फट नाही! स्टँडमधे पण बसला, खाली टेकत नाही.

गणितवाला_गिरगाव
बरोबर. व्यास ५ सेमी होतो तिथपासून टोकापर्यंत ८.६ सेमी, तुमची जागा ९. पण टोक दुमडायला विसरू नका. भेळ काठोकाठ साधारण दीडशे मिली मावेल.

पार्लेकर
१२ चं माझं चुकलं, मान्य. पण कागदाचं बघा: ए४ ची रुंदी २१, तुकडा २०.५ रुंद आणि १२.५ उंच, म्हणजे एकाखाली एक दोनच बसतात, खाली पाचेक सेमीची पट्टी वाया. एक उलटा करून मधे घुसवला तर तीन बसतील असं वाटतंय मला.

चौपाटीप्रेमी
मी आत्ता पुठ्ठ्याचे तीन तुकडे सरकवून बघितले, तिसऱ्याचा कोपरा बाहेर येतोय. पट्टी २ ऐवजी १ सेमी केली तर?

चाळकरी_लालबाग
१ सेमीची पट्टी भेळेच्या वजनाने उकलणार नाही ना? कोणी करून बघितलंय का?