बिलाचा फोटो, पाच ओळींचा रेजेक्स आणि ४६ रुपयांचा घोळ

कर्वेरोड_कट्टा: बिलाच्या फोटोवरून यादी बनवण्याचं लोक उगाच अवघड करून ठेवतात. फोटो काढा, टेसरॅक्टमधून काढा, पाच ओळींचा रेजेक्स, एक्सेलमध्ये टाका, संपलं. आज दुकानाचंच सॉफ्टवेअर चुकलेलं सापडलं. मालाची बेरीज ६३१, जीएसटी ४६, म्हणजे ६७७ हवेत. दुकानाने ६३१च घेतले! आउटपुट खाली चिकटवतो.

```
TOOR DAL LOOSE
  1250    148.00   185.00
TOOTHPASTE 150G
  2       165.00   210.00
DETERGENT 2KG
  1       236.00   236.00
Items: 3           631.00
0%   185.00
5%   200.00  CGST  5.00 SGST  5.00
18%  200.00  CGST 18.00 SGST 18.00
```

वहीखाते: "संपलं" वाचून राहवलं नाही. सॉफ्टवेअर बरोबर आहे, बिल बरोबर आहे, तुमची यादी चुकली आहे, आणि तीही तीन ठिकाणी.

पहिली ओळ बघा. १२५० गुणिले १४८ म्हणजे १ लाख ८५ हजार. एवढ्यात गुलटेकडीहून डाळीचा टेम्पो येईल. गुणाकार छापील रकमेच्या बरोब्बर हजारपट येतोय, म्हणजे दशांशचिन्ह गळलंय. १.२५० किलो, १४८ रुपये किलो, १८५ रुपये. थर्मल प्रिंटचा तो ठिपका दोन-तीन पिक्सेलचा. फोटो साफ करताना डाग काढायचा फिल्टर लावला की डागांबरोबर तोही जातो.

दुसरी ओळ : २ गुणिले १६५ म्हणजे ३३०, छापलेत २१०. तिघांपैकी एक आकडा खोटा, पण कोणता ते ही ओळ एकटी सांगत नाही. आता रकमांचा रकाना उभा जोडा : १८५, २१०, २३६, बेरीज ६३१, छापील एकूण तेवढीच. म्हणजे रकमा खऱ्या. मग खोटा नग किंवा दर. नग २ धरला तर दर १०५. `0` चा `6` झालाय, घडीवरच्या रेघेने होतं तसं. शंका असेल तर फोटोतला तेवढाच तुकडा मोठा करून बघा, सगळं बिल पुन्हा वाचायची गरज नाही.

तिसरी चूक करात. हे दर करासकट आहेत. २१०मध्ये २०० मूळ आणि ५+५ कर. २३६मध्ये २०० आणि १८+१८. सुट्या डाळीवर शून्य. १८५+२००+२०० म्हणजे ५८५, त्यात कर ४६, झाले ६३१. खालचा तक्ता कराची फोड आहे, वर चढवायची रक्कम नाही.

ग्राहक_जागा_हो: म्हणजे एमआरपीवर जीएसटी लावतातच ना शेवटी! मी कधीपासून सांगतोय, ही दुहेरी लूट आहे. तक्ता छापायचा कशाला मग?

वहीखाते: कोणी लावलेला नाही हो. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. वरच्या बिलात बेरीज तुम्हीच करा.

ग्राहक_जागा_हो: हॉटेलात मात्र वर लावतात! तेव्हा कुठे जाते तुमची फोड?

मिसळ_बिगर_पाव: काका, हॉटेलात मेनूकार्डावरचा दर कराशिवाय असतो. २८३ची बेरीज, अडीच टक्क्यांनी ७.०८ दोनदा, २९७.१६, मग राउंड ऑफ -०.१६, द्या २९७. ही राउंड ऑफची ओळ रेजेक्स हमखास खातो, वजाचं चिन्ह पुसट असेल तर उलटी जोडतो. यादी करताना कर आत की बाहेर हे बिलागणिक ठरवायला लागतं. करपात्र रक्कम आणि कर मिळून एकूण येते, एवढं दोन्ही बिलांत सारखं. फरक मालाच्या ओळींत. त्यांची बेरीज एकूण रकमेला भिडली तर कर आत, करपात्र रकमेला भिडली तर बाहेर.

ग्राहक_जागा_हो: १६ पैसे सोडतात ते दिसतं. वर ढकलतात तेव्हा चाळीस-चाळीस पैसे जातात त्याचं काय?

मिसळ_बिगर_पाव: त्यासाठी वेगळा धागा काढा आणि तिथेच राहा.

सदाशिव_त्रिकोण: मूळ मुद्दा राहिला. रेजेक्सला नावं ठेवताय, पण दोष फोटोचा. बिल सपाट करून गडद टेबलावर ठेवा, फ्लॅश बंद, मोबाइल समांतर. माझ्या मते ३०० डीपीआय असला की असल्या चुका होतच नाहीत.

वहीखाते: अर्धं मान्य. फ्लॅश बंद हवाच, चकाकीत मधले आकडे पांढरे पडतात. पण ३०० डीपीआयची चिठ्ठी मोबाइलच्या फोटोला लावून काही होत नाही, अक्षराची उंची पिक्सेलमध्ये किती आली ते बघा. वीसच्या खाली गेली की `8` आणि `3` वेगळे राहत नाहीत. हातभर लांब बिल एकाच फोटोत घेतलं की नेमकं हेच होतं.

सदाशिव_त्रिकोण: मग दोन फोटो काढा. एवढं काय त्यात?

वहीखाते: काढाच, तीन-चार ओळी दोन्हीत येतील असे. पण जोडताना त्या ओळी दोनदा येतात आणि "सारख्या ओळी काढून टाका" म्हटलं की काउंटरवर खरोखर दोनदा स्कॅन झालेलं बिस्किटही उडतं. म्हणून तळाचा `Items` आकडा आधी वाचायचा.

कर्वेरोड_कट्टा: बरं बरं, शहाण्यांनो. पण माझ्याकडे आधी नावं एका ढिगात आणि रकमा दुसऱ्या ढिगात येत होत्या, ते तरी मीच सोडवलं.

```
tesseract bill.png out -l eng --psm 6 -c preserve_interword_spaces=1
```

वहीखाते: हे मात्र बरोबर केलंत, नोंद घेतली आहे. `--psm 6` नसता तर त्याने रकाने वेगळे परिच्छेद समजून वाचले असते. आता नाव एका ओळीवर आणि आकडे खालच्या ओळीवर आहेत ते जोडा. आणि ज्या बिलात एमआरपी आणि दर दोन्ही रकाने असतात तिथे पहिला आकडा दर म्हणून उचलू नका.

रविवार_पेठ_उधारी: आमच्या वाण्याची हातची चिठ्ठी आहे, "साखर २, तूरडाळ १। , रवा ॥". ती कशाने वाचायची?

मिसळ_बिगर_पाव: डोळ्यांनी. ॥ म्हणजे अर्धा हे टेसरॅक्टला कोण सांगणार, ते त्याला दंड समजणार. वर दराचा रकानाच नाही, म्हणजे गुणाकाराची तपासणीही बाद.

सदाशिव_त्रिकोण: एक सोपा उपाय राहिलाच. मालाच्या नावावरून कराचा दर ठरवा. टूथपेस्ट म्हटलं की पाच टक्के.

वहीखाते: आणि २२ सप्टेंबर २०२५च्या आधीचं बिल आलं की तोंडावर आपटा. तेव्हा तीच पेस्ट अठरात होती. दर बिलावरूनच घ्या. त्या जुन्या हिशेबाने २१०ची फोड करून बघा : मूळ १७७.९७, कर १६.०२ दोनदा, बेरीज २१०.०१. एक पैसा जास्त. म्हणून तपासणीत काटेकोर बरोबरी मागू नका, दरटप्प्यामागे दोन पैसे सूट ठेवा. रुपयाची मात्र नको, नाहीतर राउंड ऑफची हरवलेली ओळ कधी सापडणार नाही.

मिसळ_बिगर_पाव: बिलाच्या शेवटी कुपनचे ३१ रुपये वजा झाले तर? मी वेगळी ऋण ओळ ठेवतो.

वहीखाते: मी मालावर वाटतो. नाहीतर डाळीचा खरा दर कळत नाही.

मिसळ_बिगर_पाव: खरा दर छापलाय की! तुम्ही वाटून १४०.७३ असला आकडा बनवणार, जो बिलात कुठेच नाही.

वहीखाते: आधी तक्ता बघा. करपात्र आणि कर मिळून ६०० येत असतील तर दुकानानेच सूट वाटून घेतलीय. ६३१ येत असतील तर कुपन नुसतं पैसे चुकवण्याचं साधन, तिथे तुमची ऋण ओळ चालेल.

मिसळ_बिगर_पाव: "चालेल"! उपकार झाले.

कर्वेरोड_कट्टा: रेजेक्स आता अठ्ठावीस ओळींचा झालाय. डाळ १.२५० आली. राउंड ऑफ अजून उलटी जोडतोय.

ग्राहक_जागा_हो: बघा! म्हटलं नव्हतं?