'पाठवा' आदरार्थी, तरी उद्धट?

> "'ड्रॉइंग अजून पाठवलं नाही. आज पाठवा.' एवढंच लिहिलं. पुण्याच्या ऑफिसातल्या मॅडम दुखावल्या. चूक कुठं झाली?"

'पाठवा'मध्ये मान आहे, पण ते आज्ञार्थी रूप आहे. समोरच्याला 'नाही जमणार' म्हणायला जागाच उरत नाही. आपण शिरोलीच्या फौंड्रीत 'पाठवा की ओ' म्हणतो, तेव्हा तो 'की' आणि आवाजातला हेल आर्जव करतात. लिहिताना हेल जातो. आणि नुसता 'की' लिहिलात तर कोल्हापूरबाहेरच्या माणसाला तो घाईचा, वैतागाचा वाटू शकतो.

माझ्या मते खरं बोचलं ते पहिलं वाक्य. 'पाठवलं नाही' म्हटलं की न पाठवणारी व्यक्ती समोर उभी राहते, तो आरोप होतो. 'मिळालं नाही' म्हणा. माहिती तीच, पण बोट कुणाकडे जात नाही. शिवाय मेल वाटेत अडकली असेल, ही शक्यताही उघडी राहते.

मी असं लिहिलं असतं: 'मॅडम, ड्रॉइंग अजून मिळालेलं नाही. उद्या सकाळी पॅटर्नचं काम सुरू करायचंय, म्हणून आज संध्याकाळपर्यंत पाठवता येईल का? उशीर होणार असेल तर तसं कळवा, आम्ही दुसरं काम आधी घेतो.' इथं 'कळवा' आज्ञार्थीच आहे, पण खटकत नाही, कारण ती त्यांना दिलेली सवलत आहे.

नुसतं 'कृपया' जोडून भागत नाही, त्यानं सूचनाफलकाचा सूर येतो. भट्टीजवळ धोका असेल तेव्हा मात्र 'बंद करा' एवढंच लिहावं.